एकातून वजा करून पाहा

घड्याळाच्या तबकडीवर दहा वाजल्यानंतर पाच तासांनी तीन वाजतात, पंधरा नाही. बारा भरले की पुन्हा शून्यापासून मोजणी. या हिशेबात बेरजेइतकाच गुणाकारही सुखाने चालतो. ५ गुणिले ७ म्हणजे ३५, त्यातून १२ चे दोन फेरे काढले की उरतात ११. अशा रीतीने ० ते ११ या बारा संख्यांचे एक छोटे, स्वयंपूर्ण जग तयार होते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार केला तरी आपण त्याच्या बाहेर पडत नाही. गणितात अशा जगाला रिंग म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला वलय असाही शब्द आहे, पण वर्गात आणि चर्चेत रिंगच जास्त ऐकू येते. बाराच्या या रिंगला Z/12 असे लिहितात. १२ च्या जागी कोणतीही संख्या n घेतली की Z/n मिळते.

या रिंगमध्ये भागाकाराची मात्र खात्री नसते. ५ ला ५ ने गुणले की २५, म्हणजे १. म्हणून ५ ला व्यस्त आहे आणि तो ५ च आहे. ७ चा व्यस्त ७, ११ चा ११. पण ४ ला काहीही लावून गुणले तरी उत्तर ०, ४ किंवा ८ येते, १ कधीच येत नाही. बारांपैकी फक्त १, ५, ७ आणि ११ या चार संख्यांना व्यस्त आहे. १२ शी ज्यांचा मसावि १ आहे, त्या याच.

ज्यांना व्यस्त नाही त्या आठ संख्या एकाच पातळीवरच्या आहेत का, असा प्रश्न इथे पडायला हवा. त्या सारख्या नाहीत, आणि त्यांच्यातला फरक ओळखण्याची एक नेमकी कसोटी आहे. संख्या x घ्या, तिला रिंगमधल्या प्रत्येक y ने गुणा आणि तो गुणाकार एकातून वजा करा. १ − yx ला दरवेळी, न चुकता, व्यस्त असेल तर x कसोटीला उतरला. असे उतरलेले सगळे सदस्य मिळून जो संच होतो, त्याला त्या रिंगचे जेकबसन रॅडिकल म्हणतात आणि J या अक्षराने दाखवतात. त्यात जाणारी संख्या इतकी क्षीण असते की रिंगमधल्या कुणाचेही बळ तिला दिले तरी ती १ ला त्याच्या जागेवरून हलवून निकामी करू शकत नाही.

बाराच्या रिंगमध्ये ४ तपासू. y = १ घेतला की १ − ४ = −३, म्हणजे ९. ९ ला व्यस्त नाही, त्यामुळे ४ बाद. ३ साठी y = १ घेतला तर १ − ३ = −२, म्हणजे १०. पुन्हा व्यस्त नाही, ३ ही बाद. आता ६ घेऊ. ६ ला सम संख्येने गुणले की ० मिळते, विषम संख्येने गुणले की ६. म्हणजे १ − ६y ची उत्तरे दोनच, १ किंवा ७, आणि दोघांनाही व्यस्त आहे. ६ कसोटीला उतरला. शून्य तर उतरतेच. उरलेल्या संख्या अशाच तपासल्या तर एकही टिकत नाही. Z/12 चे रॅडिकल म्हणजे फक्त ० आणि ६.

हा ६ कुठून आला हे कळले की कोणत्याही n साठी हिशेब करता येतो. १२ च्या मूळ अवयवांत २ आणि ३ या दोनच वेगवेगळ्या मूळ संख्या आहेत आणि त्यांचा गुणाकार ६. सर्वसाधारण नियमही हाच आहे. n ला भागणाऱ्या वेगवेगळ्या मूळ संख्या प्रत्येकी एकदाच घेऊन गुणा. त्या गुणाकाराच्या पटीत असलेल्या संख्या म्हणजे Z/n चे रॅडिकल.

याची सिद्धता दोन पायऱ्यांची आहे, आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात युक्लिडची जुनी युक्ती दडलेली आहे. समजा n ला भागणारी प्रत्येक मूळ संख्या x लाही भागते. मग yx ला त्या सगळ्या भागतात आणि १ − yx ला त्यांपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरते. म्हणजे १ − yx आणि n यांच्यात एकही मूळ अवयव सामायिक नाही, त्यांचा मसावि १ आणि व्यस्त हजर. मूळ संख्या अनंत आहेत हे दाखवताना युक्लिडने त्यांच्या गुणाकारात एक मिळवून हेच केले होते. आता उलट बाजू. समजा n ला भागणारी एखादी मूळ संख्या p ही x ला भागत नाही. मग p च्या हिशेबात x ला व्यस्त आहे, म्हणजे असा y सापडतो की yx ला p ने भागल्यावर बाकी १ उरते. तो y वापरला की १ − yx ला p भागते, n लाही p भागते, आणि व्यस्ताची आशा संपते. एक मूळ संख्या चुकली की x बाद.

जरा मोठे उदाहरण घेऊ. ७२ म्हणजे २ × २ × २ × ३ × ३. वेगळ्या मूळ संख्या दोनच, म्हणून रॅडिकल ६ च्या पटींचे: ०, ६, १२ असे करत ६६ पर्यंत, एकूण बारा सदस्य. यांपैकी प्रत्येक एकातून वजा केला की १, ६७, ६१, ५५, ४९, ४३, ३७, ३१, २५, १९, १३, ७ ही यादी मिळते. यातली एकही संख्या सम नाही आणि एकीलाही ३ ने भाग जात नाही. त्याच रिंगमधला १० पाहा. तो सम आहे पण ३ च्या पटीत नाही, आणि १ − १० = −९ म्हणजे ६३ ला व्यस्त नाही. या हिशेबात नेहमी होणारी चूक घातांकांची असते. ७२ मध्ये दोन तीनदा आला आहे, म्हणून त्याला जास्त वजन द्यावेसे वाटते आणि उत्तर म्हणून १२ च्या पटी लिहिल्या जातात. घातांकांचा इथे काही संबंध नाही. ते फक्त रॅडिकल किती मोठे असेल हे ठरवतात. ३० मध्ये २, ३ आणि ५ एकेकदाच येतात, त्यामुळे रॅडिकल ३० च्या पटींचे, म्हणजे नुसते शून्य. व्यस्त नसलेल्या संख्या तिथेही भरपूर आहेत, पण कसोटीला एकही उतरत नाही.

७२ च्या रिंगमध्ये ६ चा घन २१६ येतो, म्हणजे ७२ ची तिप्पट, म्हणजे शून्य. हा योगायोग नाही. Z/n च्या रॅडिकलमधली प्रत्येक संख्या पुरेशा वेळा स्वतःशीच गुणली की शून्य होते, आणि शून्य होणारी प्रत्येक संख्या रॅडिकलमध्येच असते. याचा एक व्यावहारिक उपयोग आहे. n शेकडो अंकी असेल तर त्याच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार शोधायचा कसा? n चे अवयव पाडल्याशिवाय तो काढण्याची जलद रीत आज ठाऊक नाही, आणि अवयव पाडणे हेच अवघड काम आहे. पण हातातली एखादी x रॅडिकलमध्ये आहे की नाही, एवढेच विचारले तर अवयवांची गरजच लागत नाही. n मध्ये कोणत्याही मूळ संख्येचा घातांक n च्या द्विमान अंकसंख्येपेक्षा लहानच असतो, म्हणून x चा तेवढा घात काढून तो शून्य होतो का पाहिले की झाले. पायथॉनमध्ये हे एका ओळीत बसते:

```
def in_radical(x, n):
    return pow(x, n.bit_length(), n) == 0
```

७२ ला द्विमान पद्धतीत सात अंक लागतात. १० चा सातवा घात ७२ च्या हिशेबात ६४ येतो, शून्य नाही. म्हणून १० बाहेर.

मग 'घात शून्य होणारे सदस्य' हीच रॅडिकलची व्याख्या का केली नाही? जुन्या काळी विचार याच दिशेने चालला होता. जोसेफ वेडरबर्न या स्कॉटिश गणितज्ञाने १९०८ साली ज्या बीजगणितांची रचना उलगडली, ती सांत मितीची होती आणि तिथे घात शून्य होण्याच्या गुणावर काम भागत होते. अनंत रिंगमध्ये ते भागत नाही. ज्यांचा छेद विषम आहे असे सगळे अपूर्णांक घ्या. त्यांची बेरीज आणि गुणाकार विषम छेदाचेच राहतात, म्हणजे ही रिंग झाली. तिच्यात २ ला व्यस्त नाही, कारण एक द्वितीयांशचा छेद सम आहे. आता २ ला कसोटी लावा. y हा a/b असेल आणि b विषम असेल, तर १ − २a/b म्हणजे (b − २a)/b. अंश विषम, छेद विषम, म्हणून उलट अपूर्णांकही याच रिंगमध्ये आहे. २ कसोटीला उतरला, पण २ चा कोणताही घात शून्य होत नाही. असा सदस्य पकडायचा असेल तर घातांच्या पलीकडे जावे लागते. नेथन जेकबसन यांनी ते १९४५ साली अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समधल्या निबंधात केले. १९१० साली वॉर्सात जन्मलेले जेकबसन लहानपणी अमेरिकेत गेले आणि प्रिन्स्टनला वेडरबर्न यांच्याच हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या व्याख्यानमालेत त्यांचे जॉर्डन बीजगणितांवरचे पुस्तकही आहे.

आता संख्यांकडून मॅट्रिक्सकडे वळू. चार चौकोनांत चार संख्या, आणि डावीकडून खालचा चौकोन नेहमी शून्य, अशा मॅट्रिक्सना वरच्या त्रिकोणी मॅट्रिक्स म्हणतात. आपण त्यांत Z/12 मधल्याच संख्या भरू. डावीकडून वरच्या आणि उजवीकडून खालच्या दोन संख्या कर्णावरच्या, आणि उजवीकडून वरची कोपऱ्यातली. दोन त्रिकोणी मॅट्रिक्सचा गुणाकार पुन्हा त्रिकोणीच येतो, म्हणून ही रिंग झाली. तीन जागा, प्रत्येकी बारा पर्याय, एकूण १७२८ सदस्य. एकेक सदस्य बाकी सगळ्यांबरोबर तपासायचा तर सुमारे तीस लाख गुणाकार करावे लागतील. त्याची काहीच गरज नाही.

गुणाकार कसा होतो ते नीट पाहिले की पुरे:

```
| p  q |   | a  b |     | pa   pb + qd |
| 0  s | × | 0  d |  =  | 0    sd      |
```

कर्णावर फक्त कर्णावरच्या संख्या एकमेकांशी गुणल्या जातात. कोपऱ्यातला b कितीही गडबड करो, ती कोपऱ्यातच राहते, कर्णापर्यंत पोहोचत नाही. आणि त्रिकोणी मॅट्रिक्सला व्यस्त आहे की नाही हे कर्णावरूनच ठरते. कर्णावरच्या दोन्ही संख्यांना व्यस्त असेल तर मॅट्रिक्सलाही असतो, कोपऱ्यात काहीही असो. ही दोन निरीक्षणे जोडली की कसोटी सोपी होते. एकाच्या जागी कर्णावर १ आणि १ असलेली मॅट्रिक्स येते, आणि तिच्यातून YX वजा केल्यावर कर्णावर उरतात १ − pa आणि १ − sd. या दोघांना p आणि s काहीही असताना व्यस्त हवा. म्हणजे a आणि d हे Z/12 च्या रॅडिकलमध्ये हवेत, दोघेही ० किंवा ६. b वर कसलीच अट नाही. इथे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलते, म्हणून YX ऐवजी XY घेतले तर काय, ही शंका रास्त आहे. त्याने फरक पडत नाही. १ − YX ला व्यस्त असेल तर १ − XY लाही असतो, आणि हे कोणत्याही रिंगमध्ये खरे आहे.

एक मॅट्रिक्स प्रत्यक्ष तपासून पाहू. कर्णावर ६ आणि ६, कोपऱ्यात ५. ती एकमधून वजा केली की कर्णावर १ − ६ = −५ म्हणजे ७, कोपऱ्यात −५ म्हणजे पुन्हा ७. हिचा व्यस्त असा:

```
| 7  7 |   | 7  5 |     | 49  84 |     | 1  0 |
| 0  7 | × | 0  7 |  =  | 0   49 |  =  | 0  1 |
```

४९ म्हणजे चार बारा अठ्ठेचाळीस आणि वर एक, ८४ म्हणजे बारा साते. हिशेब जुळला. कोपऱ्यात ५ ऐवजी दुसरी कोणतीही संख्या असती तरी असाच जुळला असता.

रॅडिकलमधल्या मॅट्रिक्स किती? कर्णावर दोन-दोन पर्याय, कोपऱ्यात बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस. रॅडिकल शून्य मानून रिंग आकसली की उरतात १७२८ भागिले ४८, म्हणजे छत्तीस सदस्य. कोपरा पुसला जातो, आणि कर्णावरच्या दोन संख्या ६ च्या हिशेबात मोजायच्या, सहा गुणिले सहा. ६ मध्ये २ आणि ३ एकेकदाच येतात, त्यामुळे या उरलेल्या रिंगचे रॅडिकल शून्य आहे.

हा शेवटचा पडताळा कधीही सोडू नये, कारण इथली सर्वांत सामान्य चूक त्यातच पकडली जाते. पूर्ण मॅट्रिक्सच्या रिंगमध्ये, म्हणजे जिथे चारही चौकोन मोकळे असतात तिथे, रॅडिकल शोधताना चारही जागी पायाच्या रिंगचे रॅडिकल भरायचे असते. तोच नियम हात चालतो म्हणून त्रिकोणी मॅट्रिक्सला लावला जातो, आणि कोपऱ्यातही ० किंवा ६ ची अट घातली जाते. उत्तर अठ्ठेचाळीसऐवजी आठ येते. ते लगेच चुकीचे वाटतही नाही, कारण हा आठ सदस्यांचा संच गुणाकाराला नीट टिकतो. पण तेवढाच भाग शून्य मानून रिंग आकसली तर ६ च्या हिशेबातल्या त्रिकोणी मॅट्रिक्स उरतात, आणि त्यांत कोपऱ्यात १ व बाकी शून्य असलेली मॅट्रिक्स शिल्लक असते. तिचा वर्ग शून्य आहे, ती कसोटीला उतरते. म्हणजे रॅडिकल अजून पूर्ण निघालेले नाही.

कोपऱ्यात १ आणि बाकी शून्य असलेल्या याच मॅट्रिक्सला E म्हणू, कारण खरी गंमत तिच्यापाशी आहे. त्रिकोणी रिंगमध्ये E रॅडिकलमध्ये आहे. पूर्ण मॅट्रिक्सच्या रिंगमध्ये ती नाही. तिथेही E चा वर्ग शून्यच आहे, मॅट्रिक्स तीच आहे, पण तिथे F नावाची एक शेजारीण आहे, जिच्या डावीकडून खालच्या चौकोनात १ आहे आणि बाकी शून्य:

```
        | 0  0 |   | 0  1 |     | 0  0 |
F × E = | 1  0 | × | 0  0 |  =  | 0  1 |
```

हा गुणाकार एकातून वजा केला की कर्णावर १ आणि ० उरतात, आणि अशा मॅट्रिक्सला व्यस्त नाही. E बाद झाली. त्रिकोणी रिंगमध्ये F नव्हती, म्हणून E निर्धास्त होती. एखादा सदस्य रॅडिकलमध्ये आहे का, हे त्याच्याकडे एकट्याकडे पाहून ठरत नाही. रिंगमध्ये आणखी कोण आहे, ते पाहावे लागते.

या दोन टोकांमध्ये जागा आहे. डावीकडून खालचा चौकोन पूर्ण मोकळा न सोडता, तिथे फक्त ० किंवा ६ ला परवानगी द्या. गुणाकार केला तरी त्या चौकोनात ६ ची पटच येते, म्हणून हीही रिंगच आहे, ३४५६ सदस्यांची. F आत येत नाही, पण सहा पट F येते. तिला E ने गुणून एकातून वजा केले तर कर्णावर १ आणि १ − ६ = −५ म्हणजे ७ येतात. दोघांना व्यस्त आहे. बाकी गुणाकारांतही १ − YX च्या कर्णावर १ वजा ६ ची पट असाच आकडा राहतो, म्हणजे १ किंवा ७. खालच्या चौकोनातून व्यस्ताच्या हिशेबात जी भर पडते ती पुन्हा ६ चीच पट, आणि १, ५, ७, ११ यांपैकी कोणत्याही संख्येत ६ मिळवले तरी उत्तर याच चार संख्यांत पडते. खालचे दार एवढे किलकिले केले तरी E रॅडिकलमध्येच राहते. कर्णावर ० किंवा ६, खाली ० किंवा ६, वरच्या कोपऱ्यात काहीही: या रिंगचे रॅडिकल शहाण्णव मॅट्रिक्सचे आहे, आणि ३४५६ भागिले ९६ केले की पुन्हा तेच छत्तीस उरतात.